फोटोवरून कापड ओळखताना मी कडा बघते

मी नागपुरात घरूनच दुपट्टे आणि साड्या विकते, माल गांधीबागेतून येतो आणि त्याआधी व्हॉट्सॲपवर नुसते फोटो येतात, त्यामुळे कापडावरचं काम कोणत्या पद्धतीचं आहे ते फोटोवरूनच ओळखायला शिकावं लागलं. डिझाईन बघून काही कळत नाही कारण बांधणीचं डिझाईन जाळीच्या चौकटीतून, म्हणजे स्क्रीन प्रिंटनेही छापतात, म्हणून मी फोटो मोठा करून थेट रंगाची कड बघते.

मागे एक लाल दुपट्टा 'ओरिजिनल बांधणी' म्हणून आला. खऱ्या बांधणीत कापड चिमटीत धरून दोरा घट्ट गुंडाळतात, दोऱ्याखाली रंग पोचत नाही पण दोऱ्याच्या वर राहिलेलं टोक थोडा रंग पितं, म्हणून ठिपका बहुतेक वेळा पोकळ दिसतो, मधे रंगाचा बिंदू आणि भोवती पांढरं कडं, तेही जरा चौकोनी. कड्याच्या बाहेरच्या बाजूला रंग दोऱ्याखाली थोडा झिरपलेला असतो त्यामुळे कड मऊ दिसते आणि दोन ठिपके कधीच हुबेहूब सारखे नसतात. या दुपट्ट्यात सगळे ठिपके एकाच मापाचे, कड कात्रीने कापल्यासारखी. मी म्हटलं, "भाऊ, उलट्या बाजूचा फोटो टाका ना, उन्हात काढलेला, इस्त्री न करता." उलटी बाजू फिकी, ठिपके अर्धे पुसट, बांधल्यामुळे पडणाऱ्या सुरकुत्या अजिबात नाहीत. म्हणजे स्क्रीन प्रिंट. बांधणीत रंग कापडात मुरतो म्हणून दोन्ही बाजू जवळपास सारख्याच निघतात.

ठप्प्याचं काम वेगळं. ठप्पा दाबला की रंग काठाकडे सरकतो, म्हणून बुट्टीच्या कडेला बारीक गडद रेघ आणि आतला रंग कुठे भरीव कुठे विरळ. मी दोन ठप्प्यांचा सांधा शोधते, तिथे थोडं एकावर एक चढलेलं किंवा फट राहिलेली असतेच. स्क्रीनमध्ये रंग सपाट बसतो आणि एखादी चूक असली तर ती ठराविक अंतराने जशीच्या तशी परत येते.

बाटिकमध्ये कापडावर मेण लावून रंगवतात, त्याची ओळख म्हणजे मेणाला गेलेल्या तड्यांतून शिरलेल्या रंगाच्या बारीक रेघा. त्या नक्षीची हद्द ओलांडून कशाही पळतात. छापील बाटिकमध्येही या रेघा असतात, म्हणून मी एकच तडा पुढच्या फुलावर पुन्हा दिसतो का ते बघते, दिसला की छापील.

अडकते ती दाबूच्या निळ्या कापडावर. ठप्प्याने चिखल लावून निळीत बुडवतात, चिखलालाही तडे जातात, मग लहान फोटोत ते बाटिकसारखंच दिसतं. अशा वेळी सांधे शोधायचे, तेही फोटोत नसतील तर मी कापड हातात आल्याशिवाय नाव लिहीत नाही.