आबांचा गडद चेहरा, पांढरी टोपी आणि सोप्यातला उजेड

मित्राच्या आजोबांचा सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम होता, त्यासाठी एक फोटो पाहिजे होता. पत्रिकेवर, फ्लेक्सवर आणि नंतर फ्रेम करून भिंतीवर, तिन्हीकडे तोच जाणार. आबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, मिल बंद पडेपर्यंत तिथंच. रंग चांगला गडद आणि अंगावर कायम पांढरा सदरा, पांढरं धोतर, पांढरी टोपी. मी सोलापुरात लग्नंबिग्नं शूट करतो, त्यामुळं हे कॉम्बिनेशन किती छळतं ते माहितीय. टोपी सांभाळायला गेलं की चेहरा जातो, आणि चेहऱ्याच्या मागं लागलं की टोपीचा नुसता पांढरा ठिपका उरतो.

घरात आधीचे फोटो होते तेवढे बघून घेतले. नातवानं मोबाईलवर काढलेल्या फोटोत सदरा मस्त दिसत होता, चेहऱ्याच्या जागी मात्र डोळे आणि दात सोडून काहीच नव्हतं. कॅमेऱ्याला माणूस कळत नाही ना, तो फ्रेममधला सगळा उजेड मोजून त्याची सरासरी मधल्या करड्याला, म्हणजे साधारण 18 टक्के परावर्तनाला आणून बसवतो. फ्रेमभर पांढरं असलं की तो एक्सपोजर खाली ओढतो आणि त्यात चेहरा बुडतो. दुसरा फोटो एका स्टुडिओतला, समोरून थेट फ्लॅश मारलेला. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या हाडावर पांढरे डाग आणि बाकी चेहरा सपाट. तिसरा मागच्या एका कार्यक्रमाच्या फ्लेक्सचा, त्यात आबांना इतकं उजळवलं होतं की चेहरा राखेच्या रंगाचा झालेला. आजी म्हणाल्या, "हे आमचे नव्हंतच."

फ्लॅशच्या डागांचं कारण जरा नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. त्वचेवरून उजेड दोन तऱ्हेनं परत येतो. थोडा वरच्यावरच, चकाकी म्हणून उडून येतो, तो 4-5 टक्केच असतो आणि माणूस गोरा असो की काळा, तेवढाच असतो. बाकीचा उजेड आत जाऊन त्वचेचा रंग घेऊन बाहेर येतो. गोऱ्या त्वचेत हा दुसरा भाग भरपूर असतो म्हणून चकाकी त्यात मिसळून जाते. गडद त्वचेत तो कमी असतो, मग चकाकी उठून दिसते. म्हणजे आबांच्या चेहऱ्याचा आकार, गालाचा उंचवटा, कपाळावरच्या आठ्या, हे सावलीपेक्षा चकाकीतूनच जास्त कळणार. काळ्या मोटारसायकलची टाकी कशी, तिचा गोलवा आपल्याला तिच्यावर पडलेल्या आभाळाच्या पट्ट्यातूनच कळतो, तसंच. आता ही चकाकी म्हणजे दिव्याचं प्रतिबिंबच, त्यामुळं दिवा छोटा असला तर डागही छोटा आणि झणझणीत, दिवा मोठा असला तर तीच चकाकी गालभर पसरून मऊ होते. चकाकी मारायची नसते, मोठी करायची असते.

म्हणून फ्लॅश बॅगेतनं काढलाच नाही. त्यांच्या सोप्याचं मोठं दार अंगणात उघडतं, आणि सकाळी अंगण सावलीत पण समोरच्या घराची पांढरी भिंत उन्हात असते. सोलापूरचं ऊन काय सांगायचं, त्या भिंतीवरून येणारा उजेडच सॉफ्टबॉक्सला भारी पडला. आबांना दारापासून दीड मीटरवर बसवलं, दार त्यांच्या डाव्या हाताला, चेहरा थोडा दाराकडं वळवलेला. आधी बसले होते तिथं शेजारी हिरव्या ऑइलपेंटची भिंत होती, तिथनं उठवलं, कारण चकाकी आजूबाजूचा रंग घेऊन येते. गालाच्या कडेला हिरवट झाक दिसायला लागलीच होती, आणि ती व्हाइट बॅलन्सनं जात नाही, ती काढायला गेलं की बाकीचा चेहरा गुलाबी होतो. मागं दोन मीटरवर मातकट रंगाची भिंत ठेवली. मित्राला मागं मरून रंगाची सोलापुरी चादर लावायची हौस होती, पण गडद चेहऱ्यामागं गडद चादर म्हणजे सावलीकडचा गाल आणि कान तिच्यातच मिसळणार. चादर दुसऱ्या कामाला आली, ते पुढं सांगतो.

तेवढ्यात आजी पावडरचा डबा घेऊन आल्या. आमच्याकडं फोटो म्हणलं की पावडर लागतेच. मी म्हणलं आजी, घाम टिपून घेऊ पण पावडर नको. टाल्कम गडद त्वचेवर पांढरट थर धरतं, वरची चकाकी मरते आणि त्वचा राखाडी दिसते, म्हणजे परत तो फ्लेक्सवाला रंग. टिश्यूनं कपाळ आणि नाकाच्या बाजू टिपल्या, गालावरचा थोडा तेलकटपणा मुद्दाम तसाच ठेवला. (पोलरायझर लावू नये तेही याच कारणानं. तो चकाकीच कापतो, आणि इथं तीच तर हवीय.)

आता एक्सपोजर. कॅमेरा मॅन्युअलवर, मीटरिंग स्पॉटवर, म्हणजे मीटर फक्त एका बारीक ठिपक्यापुरता उजेड मोजतो, आयएसओ 400, एफ 4. आबांच्या हातात ग्रे कार्ड, म्हणजे त्याच मधल्या करड्याचा पुठ्ठा दिला, तो चेहऱ्यासमोर दाराकडं तोंड करून धरला, मीटर म्हणाला शटर 1/125 सेकंद. कार्ड बाजूला करून गालावर स्पॉट धरला तर 1/60, म्हणजे गाल मधल्या करड्यापेक्षा एक स्टॉप गडद, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. सदऱ्यावर धरला तर 1/640. सगळा खेळ या तीन आकड्यांत आहे. गालाचं ऐकून 1/60 ठेवलं तर कॅमेरा गालाला मधला करडा करून टाकतो, आबा होते त्यापेक्षा उजळ होतात आणि टोपी-सदरा फाटतो, म्हणजे नुसता पांढरा होऊन डिटेल जातं. कार्डाचं ऐकून 1/125 ठेवलं तर रंग बरोबर येतो, पण दारापासून लांबच्या गालात डिटेल कमी, आणि तिथं नंतर कॉम्प्युटरवर उचललं की दाणे येतात. मी 1/80 धरलं, कार्डापेक्षा दोन तृतीयांश स्टॉप जास्त. चेहऱ्याला भरपूर डेटा मिळतो, आणि नंतर लागेल तेवढं खाली आणता येतं. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढलं हे सांगायला नको.

पण 1/80 ला सदरा मधल्या करड्यापेक्षा तीन स्टॉप वर जातो, म्हणजे गेलाच. इथं बरेच जण एक्सपोजर कमी करतात आणि चेहरा घालवतात. मी म्हणलं उजेडच कमी करू, पण फक्त सदऱ्यावरचा. एक लाकडी खुर्ची आबा आणि दार यांच्या मधे, आबांच्या जवळ ठेवली आणि तिच्या पाठीवर ती मरून चादर टाकली, अशी की चादरीची सावली हनुवटीच्या खालून सुरू होईल. खुर्ची फार चिकटवली की सावलीची कड रेघ मारल्यासारखी दिसते, थोडी मागं घेतली की कड विरघळते. हातभर अंतरावर जमलं. परत मोजलं तर सदरा 1/250 वर आला होता आणि गाल तिथंच, 1/60. आबा म्हणाले, "चादरीचा फोटो काढायलास का माझा?"

राहिली टोपी. तिला चादरीनं झाकता येत नाही, कपाळाला मिळेल तोच उजेड तिला मिळणार. घरच्यांनी नवी कोरी कडक टोपी काढून ठेवली होती. नव्या पांढऱ्या कापडात ब्राइटनर असतं, ते उजेडातल्या अतिनील किरणांवर निळसर चमकतं. आबांची रोजची धुऊन मऊ झालेली टोपी मागून घेतली, तिचं रीडिंग 1/500 आलं, काठावरचं पण रॉमध्ये सांभाळता येण्यासारखं. आजींना पटलं नाही, "एवढ्या मोठ्या कार्यक्रमाला जुनी टोपी?" म्हणून बराच वेळ चाललं, शेवटी आबांनीच ती डोक्यावर चढवली आणि विषय संपला.

लांबच्या गालासाठी सनबोर्डाचा पांढरा तुकडा घेतला. तो समोरून धरला तर चेहरा सपाट होतो. म्हणून मित्राला बोर्ड घेऊन आबांच्या उजव्या बाजूला, कानाच्या थोडं मागं उभा केला आणि मी कॅमेऱ्याच्या जागेवरून एक डोळा मिटून बघत त्याला "अजून मागं, थोडा वळव" सांगत बसलो. एका ठिकाणी जबड्याच्या कडेनं आणि गालाच्या हाडावर पातळ उजळ रेघ उमटली, मिशीचे पांढरे केस सुटे झाले, तिथंच त्याला थांबवला. हे मीटरवर कळत नाही, डोळ्यानंच बघावं लागतं.

स्क्रीनवर तपासताना नुसता पांढरा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद-उजळ किती आहे त्याचा आलेख, बघून चालत नाही, लाल, हिरवा, निळा असा आरजीबी वेगवेगळा बघायचा. त्वचेत लाल चॅनल सगळ्यात आधी फुटतो, म्हणजे आलेखाच्या उजळ काठाबाहेर जातो, आणि तो फुटला की कपाळावरची चकाकी पिवळट चिकट दिसते, जरी मेन हिस्टोग्राम ठीक असला तरी. आपला लाल काठाच्या आत होता.

एडिटिंग थोडंच. एक्सपोजर एक तृतीयांश स्टॉपनं खाली, टोपीसाठी हायलाइट्स खाली, शॅडोज किंचित वर, ब्लॅक्सना हात नाही, नाहीतर डोळ्यातली बुबुळं आणि मिशीखालची सावली धुरकट होते. ऑरेंज ल्युमिनन्स, म्हणजे नारिंगी रंगाचा उजळपणा, वर ओढायचा मोह होतो, माणूस झटक्यात उजळ दिसतो, पण त्वचेचे बारीक टोन त्यातच जातात. लॅबला फाइल देताना "नो करेक्शन" असं स्पष्ट लिहून दिलं आणि आधी 4 बाय 6 ची एक प्रिंट काढून उजेडात बघितली, कारण लॅबचं ऑटो करेक्शन असला फोटो बघितला की तो अंडर, म्हणजे उजेड कमी पडलेला, आहे असं समजून उजळवतं. फ्लेक्सवाल्याशेजारी मात्र जाऊन बसावं लागलं. त्याचा हात सवयीनं ब्राइटनेसकडं जात होता, म्हणलं भाऊ, असूदे तसंच.

नंतर सगळ्यांनी फॅमिली फोटोचा हट्ट धरला, आणि आजी चांगल्या गोऱ्या. दोघांना शेजारी बसवून एकच एक्सपोजर देणं अवघड, चादरीची युक्ती घोळक्यात चालत नाही. मग आबांना दाराच्या बाजूला घेतलं, आजींना त्यांच्या पलीकडं, दारापासून लांब. उजेड दारापासून जसा आत जातो तसा पडत जातो, त्यामुळं आबांना जास्त मिळाला, आजींना कमी, आणि दोघांच्या गालांतला फरक स्टॉपभरानं तरी कमी झाला. गोरी नात आबांच्या मांडीवर बसायला बघत होती, तिला आजीकडं पाठवली. ती रुसली, पण फोटोत दोघांचेही चेहरे नीट आले.