गाडी किती दिवसांसाठी हवी, हे आधी ठरवा

«नोकरीमुळे या शहरात किती दिवस राहणार ते सांगता येत नाही. गाडी विकत घेऊ की महिन्याच्या सबस्क्रिप्शनवर? विमा आणि मेंटेनन्स त्यातच येतो म्हणतात.»

दीड वर्षाच्या आत शहर सोडण्याची खरी शक्यता असेल, तर नवी गाडी विकत घेऊ नका. दोन-अडीच वर्षं राहणं नक्की असेल, तर विकत घेणं बहुधा स्वस्त पडतं. मधल्या काळासाठी मात्र महिन्याच्या आकड्यापेक्षा करारातलं मुदतीआधी गाडी परत करण्याचं कलम जास्त महत्त्वाचं आहे.

बहुतेक जण कर्जाचा हप्ता आणि सबस्क्रिप्शनचं भाडं शेजारी ठेवून बघतात. ही तुलना चुकीची आहे. हप्त्यातला काही भाग मुद्दल असतो आणि गाडी विकल्यावर त्यातलं बरंचसं परत मिळतं. उलट कर, नोंदणी, विमा आणि घसारा हप्त्यात दिसतच नाहीत. म्हणून दोन्हीकडे एकच प्रश्न विचारायचा: अमुक महिन्यांनी मी गाडीतून मोकळा झालो, तर एकूण किती पैसे गेलेले असतील?

नव्या गाडीची किंमत १०० धरू. पुढचे सगळे आकडे त्याच मापात आहेत आणि हिशोबापुरते घेतलेले आहेत. तुमच्या गाडीचे खरे आकडे त्याच जागी बसवा. कर आणि नोंदणी १०, पहिल्या वर्षाचा विमा ४, सर्व्हिसिंग २, अडकलेल्या पैशाचं वर्षाचं व्याज ८. बारा महिन्यांनी गाडी ७८ला विकली, तर घसारा २२. एकूण गेले ४६. सबस्क्रिप्शनचा बारा महिन्यांच्या योजनेचा दर महिना ३ असेल, तर वर्षाला ३६. इथे मालकी १० ने महाग पडते.

आता तीच गाडी तीन वर्षं ठेवा. कर आणि नोंदणीचे १० एकदाच गेले. तीन वर्षांचा विमा ११, देखभाल ८, व्याज १८. विक्री ६०ला झाली तर घसारा ४०. एकूण ८७. त्याच दराने सबस्क्रिप्शनचे होतात १०८. पारडं फिरतं ते साधारण दीड ते दोन वर्षांच्या मध्ये. कारण साधं आहे. गाडीची किंमत सगळ्यात जोरात पहिल्या वर्षी उतरते, आणि कर-नोंदणीचा खर्च जितक्या जास्त महिन्यांवर पसरेल तितका हलका होतो. सबस्क्रिप्शनमध्ये मात्र पहिला महिना आणि तिसावा महिना सारख्याच भाड्याचे.

त्यात ७८ ही सवडीने विकल्यावरची किंमत आहे. बदलीचा आदेश आला आणि महिन्याभरात निघायचं असलं, की व्यापारी देईल त्या भावाला गाडी द्यावी लागते. कर्ज बाकी असेल तर आधी ते फेडायचं, ना हरकत पत्र घ्यायचं, नोंदणी पुस्तकावरची बँकेच्या कर्जाची नोंद, म्हणजे हायपोथिकेशन, उतरवायची, मग नाव बदलायचं. यात आठवडे जातात. घाईमुळे भाव आणखी ५ ने उतरला, तर वर्षाचा तोटा ५१ होतो.

सबस्क्रिप्शनलाही अशीच छुपी किंमत आहे, ती म्हणजे मुदत मोडण्याची. समजा बारा महिन्यांचा दर ३ आणि चोवीस महिन्यांचा २.७ आहे. स्वस्त म्हणून चोवीसचा करार केला आणि बाराव्या महिन्यात निघालात, तर बऱ्याच करारांत आधी मिळालेली सवलत परत मागतात, म्हणजे ०.३ गुणिले १२, एकूण ३.६. इथवर तुम्ही बारा महिन्यांच्या योजनेइतकेच पैसे दिलेत. त्यावर दोन महिन्यांच्या भाड्याचा दंड असेल, तर आणखी ५.४ गेले. पूर्ण चोवीस महिने राहिलात, तर छोटा करार वाढवत नेण्याच्या तुलनेत ७.२ वाचतात. राहण्या-न राहण्याची शक्यता निम्मी-निम्मी असेल, तर दोन महिन्यांच्या दंडात लांब करार थोडासा परवडतो. दंड तीन महिन्यांचा झाला की तो ८.१ होतो आणि हिशोब उलटतो. त्यामुळे विक्रेत्याला पहिला प्रश्न दंडाचा विचारा, आणि उत्तर करारात कुठे लिहिलंय ते दाखवायला लावा.

दुसरा प्रश्न शहराचा. गाडी तुमच्याबरोबर नव्या शहरात नेता येते, की इथे परत करून तिथे दुसरी घ्यावी लागते? तिथे कंपनीची सेवाच नसेल, तर ते मुदतीआधी परत करणं धरलं जातं का? बदलीच्या भीतीने सबस्क्रिप्शन घेणाऱ्याने हे न विचारणं म्हणजे मूळ कारणच विसरणं.

«विमा त्यातच» याचा अर्थही नीट बघा. पॉलिसी बहुतेक वेळा कंपनीच्या नावावर असते. प्रत्येक क्लेमला ठरावीक रक्कम तुमच्या खिशातून जाऊ शकते आणि ती प्रत्येक घटनेला वेगळी लागते. बंपरचा ओरखडा आणि दाराचा पोचा वेगवेगळ्या दिवशी झाले, तर दोनदा. मग क्लेम न केल्याबद्दल मिळणारा नो क्लेम बोनसही तुमच्या नावावर साठत नाही, म्हणून पुढे स्वतःची गाडी घेताना त्याची सूट नसते. देखभालीत ठरलेलं सर्व्हिसिंग आणि नैसर्गिक झीज येते. खड्ड्यात आपटून फाटलेला टायर किंवा वाकलेली रिम बहुतेक वेळा येत नाही.

किलोमीटरची मर्यादा फसवी असते. मर्यादा महिना १,००० असली आणि रोजचे ४० किलोमीटर २२ दिवस चालवले, तर ८८० झाले, म्हणजे ठीक. पण त्याच महिन्यात जाऊन-येऊन ३०० किलोमीटरच्या दोन फेऱ्या केल्यात की १,४८० होतात, आणि वरच्या ४८०चे पैसे वेगळे. न वापरलेले किलोमीटर पुढच्या महिन्यात मिळतात का, की हिशोब वर्षअखेरीला एकदाच होतो, हे विचारा. वर्षाचा हिशोब नेहमी सोयीचा.

आणखी एक पर्याय विचारात घ्या, कारण सबस्क्रिप्शन विकणारा तो सांगणार नाही. तीन-चार वर्षं जुनी गाडी ६०ला घेतली आणि वर्षाने ४८ला विकली, तर घसारा १२. विमा २.५, देखभाल ४, नाव बदलणं १, व्याज ५ धरून एकूण २४.५ होतात, म्हणजे सबस्क्रिप्शनपेक्षा बरेच कमी. मात्र घेताना मेकॅनिककडून तपासणी, अचानक निघणारं काम आणि विकण्याची धावपळ तुमच्या माथी. ज्याला हे जमतं त्याने अवश्य करावं. ज्याला वेळ नाही त्याने सबस्क्रिप्शनचे जास्तीचे पैसे त्या वेळेची किंमत समजून द्यावेत.

सबस्क्रिप्शन ठरलंच, तर गाडी ताब्यात घेण्याचा दिवस घाईत उरकू नका. पैशांवरून वाद होतात ते परत देताना, आणि त्यांचं मूळ या दिवशी असतं. उजेडात, धुतलेली गाडी घ्या. चारही बाजू, छप्पर, काच, प्रत्येक रिम आणि बंपरची खालची कड यांचा सलग व्हिडिओ काढा, त्यात ओडोमीटर आणि इंधनाचा काटा दिसू द्या. टायरच्या खाचा किती उरल्यात ते चारही चाकांवर बघा. किल्ल्या किती मिळाल्या ते लिहून घ्या. मग तोच व्हिडिओ त्याच दिवशी कंपनीला ईमेलने पाठवा. आधीचा ओरखडा त्यांच्या तपासणी-पत्रकात नसेल, तर सही करण्यापूर्वी लिहायला लावा. परत देतानाही तुमच्यासमोर तपासणी करून पत्रकाची प्रत हातात मागा. गाडी ठेवून निघून गेलात, तर डिपॉझिटमधून काय कापलं ते काही आठवड्यांनी कळतं आणि तोवर तुम्ही दुसऱ्या शहरात असता.