'अवघड आहे' म्हणजे नाही

आज संभाजीनगरला जपानी ग्रुप होता, १८ पाहुणे आणि त्यांच्यासोबत टोकियोहून आलेली लीडर. उद्या रविवार, अजिंठा, कारण सोमवारी अजिंठा बंद असतो, आणि वेरूळ परवा. मी त्यांची दुभाषी, माझं काम खरं तर लेण्यांपाशी बोलायचं, पण आज दुपारचे दोन तास हॉटेलच्या रिसेप्शनवरच गेले.

लिस्टमध्ये ७ ट्विन, म्हणजे दोन वेगळे बेड असलेल्या, ४ सिंगल आणि लीडरची १, अशा १२ रूम होत्या. मॅनेजरसाहेबांनी ४ जोड्यांना ट्विन दिली आणि ३ जोड्यांना एकच मोठा बेड असलेली डबल. म्हणाले, नवरा-बायको तर आहेत, चालेल की. पण जपानी लोकांत वयस्क नवरा-बायकोही पुष्कळदा मुद्दाम ट्विन मागतात, आणि या तिन्हींतली एक जोडी तर दोन मैत्रिणींची होती. लीडरबाई लिस्टवर बोट ठेवून हळूच म्हणाल्या, "मुझुकाशिइ देस ने." मी शब्दाला शब्द सांगून टाकलं, "अवघड आहे म्हणतायत."

चूक इथेच झाली. आपल्याकडे अवघड म्हणजे थोडा जोर लावला की होईल असं, त्यामुळे साहेब लगेच समजवायला लागले, एक्स्ट्रा गादी टाकतो, रात्रीचाच तर प्रश्न आहे, ॲडजस्ट करा. बाई गप्पच झाल्या, नुसतं हसत मान हलवत होत्या, आणि साहेबांना वाटलं पटलं त्यांना. किल्ल्या द्यायला निघाले तेव्हा मी थांबवलं. म्हटलं, साहेब, माझ्याकडून नीट सांगायचं राहिलं, त्यांच्या भाषेत समोरच्याला अवघड आहे म्हणणं म्हणजे बहुतेकदा सरळ 'नाही'च असतं, तोडून बोलत नाहीत एवढंच. मग बाईंनाही सांगितलं की मी त्यांच्या शब्दाचा अर्थ आत्ता यांना समजावला. हे दोन्हीकडे सांगावंच लागतं, नाहीतर मी मधल्यामध्ये काय बोलतेय ते एकाला कळत नाही आणि तिथून विश्वास जातो.

मग साहेबांना विनंती केली की १२ही रूमचे बेड एकेक करून मोठ्याने वाचा, मी जपानीत सांगते आणि बाई लिस्टवर टिक करतील. तेव्हा कळलं की सिंगलच्या ४ आणि बाईंची १, या पाचांतल्या २ रूम ट्विनच होत्या, म्हणजे एका माणसाला दोन बेड! फ्रंट ऑफिसच्या मुलाने सिंगल म्हणून मोकळी दिसेल ती रूम टाकली होती. त्या दोन फिरवल्यावर ६ ट्विन झाल्या, कमी पडली फक्त एक. ती लग्नाच्या वऱ्हाडाकडे होती, तिथे दोन लहान मुलं असलेलं कुटुंब होतं, त्यांना मोठा बेड उलट बरा पडणार होता. साहेब म्हणाले, "होऊन जाईल." हे मी तसंच जपानीत नेलं नाही. विचारलं, वधूपक्षाशी बोलणं झालंय की व्हायचंय, आणि किती वाजता? ते फोन करून आले, म्हणाले सात वाजता. मग बाईंना सातच सांगितलं.

जेवणाचंही तसंच. व्हाउचरवर एमएपी होतं, म्हणजे नाश्ता आणि एक मुख्य जेवण. लॉनवर लग्न म्हणून किचनवर रात्री ताण, त्यामुळे साहेब आज आणि सोमवारी लंच द्यायला बघत होते. बाईंच्या कागदावर निशोकु-त्सुकी, दोन जेवणांसहित, आणि जपानी माणसाला त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ताच दिसतो. शिवाय आज दुपारी सगळे वाटेत जेवूनच आले होते. मी साहेबांना म्हटलं, एमएपीत लंच की डिनर हे तुमच्या कागदावर कुठे लिहिलंय का? नव्हतं. मग त्यांनीच मार्ग काढला, लग्नाचं जेवण साडेआठला, तर या १९ जणांचं सातला, वरच्या कॉन्फरन्स हॉलमध्ये. सूप, साधा भात, कमी तेलाच्या दोन भाज्या, हिरवी मिरची नाही. उद्या अजिंठ्याहून यायला संध्याकाळ होते, सुमारे १०० किलोमीटर आहे, म्हणून उद्याही डिनरच. हे सगळं रूमिंग लिस्टच्या मागे आधी मराठीत, खाली जपानीत लिहिलं आणि दोघांच्या सह्या घेतल्या.

सातला सूप आलं. सातव्या ट्विनची किल्ली मात्र सात वीसला. मी हाउसकीपिंगच्या ताईंबरोबर वर जाऊन स्वतः बघून आले, दोन बेड, मध्ये छोटं टेबल, दोन्हींवर वेगळ्या चादरी. तेव्हा त्या दोघी मैत्रिणी अजून जेवतच होत्या, त्यांच्या बॅगा मी खालच्या मुलाकडून रूममध्ये ठेवून घेतल्या.

उद्या साडेसातला निघायचंय.