आत्याचे एसएमएस

“फोन रीसेट झाला, जुने एसएमएस सगळे गेले. सिम कंपनीकडून परत मिळतील का?”

नाही. कंपनीच्या एसएमएस सेंटरमध्ये मेसेज थांबतो तो फक्त तुमचा फोन बंद असेल किंवा रेंजमध्ये नसेल तोवर. एकदा पोचला की मजकूर तिथे ठेवत नाहीत. कोणी कोणाला कधी पाठवला याची नोंद मात्र राहते, २०२१च्या नियमाप्रमाणे किमान दोन वर्षं. पण त्या नोंदीत अक्षर एकही नाही. डुप्लिकेट सिम काढून नंबर परत येतो, मेसेज नाही.

माझ्या आत्याचा फोन हँग व्हायचा. गल्लीतल्या दुकानदाराने तो रीसेट करून दिला आणि पुढच्या पडद्यांवर सगळीकडे Skip दाबलं. यजमान जाऊन वर्ष झालेलं, त्यांचे मेसेज त्यातच होते. ती माझ्याकडे आली तेव्हा ‘रिकव्हरी’चं सॉफ्टवेअर विकत घ्यायच्या बेतात होती. मी थांबवलं. आताच्या अँड्रॉइड फोनमधला मजकूर एन्क्रिप्टेड असतो आणि रीसेट करताना त्याची किल्लीच नष्ट होते. कुलूप उरलं तरी उघडणार कशाने?

मग मी तिच्या खात्याने ड्राइव्ह अ‍ॅप उघडलं आणि मेन्यूमधलं Backups पाहिलं. रीसेटच्या आधीचा, त्याच फोनच्या नावाचा बॅकअप होता आणि आत एसएमएसही दिसत होते. अडचण एवढीच की हा बॅकअप फोन पहिल्यांदा सुरू करतानाच उतरवता येतो. दुकानदाराने Skip केलं ते नेमकं तेच पान. नंतर खातं जोडलं की कॉन्टॅक्ट येतात, एसएमएस येत नाहीत. म्हणून फोन पुन्हा रीसेट करावा लागला. त्याआधी नवे फोटो बाहेर काढले आणि धोका नको म्हणून नवा बॅकअप बंद केला.

या वेळी क्लाउडवरचा बॅकअप निवडला. फोनने जुना स्क्रीन लॉक विचारला, कारण बॅकअपला कुलूप त्याचंच असतं. आत्याला पिन आठवायला अर्धा तास लागला. (काकांच्या स्कूटरच्या नंबरातले आकडे होते.) यादी भरायला आणखी काही मिनिटं गेली.

तुम्ही करणार असाल तर दोन गोष्टी बघा. फोन ५७ दिवस वापरात नसेल तर गूगल त्याचा बॅकअप पुसू शकतं, त्यामुळे मोडका फोन कपाटात ठेवून ‘बघू नंतर’ म्हणू नका. आणि नव्या अँड्रॉइडचा बॅकअप जुन्या आवृत्तीच्या फोनवर उतरत नाही.

आत्याचे मेसेज आले, पण गणपतीपर्यंतचेच. बॅकअप साधारणपणे फोन चार्जिंगला आणि वाय-फायवर असतानाच होतो. तिच्या घरी वाय-फाय नाही, शेवटचं मिळालं ते गणपतीत, आमच्या घरी. काकांचे मेसेज त्याआधीचे, म्हणून वाचले.