कडेच्या मागे काय आहे?

क्लायंटकडून आलेल्या कागदावर शॉटचं वर्णन एवढंच होतं : 'मावळता सूर्य मागे, सोनेरी कडा, बाटली आतून उजळलेली.' वाचायला छान. पण शॉट लावायला घेतला की यातल्या तीन गोष्टी एकमेकींशी भांडतात, आणि ते भांडण कागदावरच मिटवणं हे माझं काम. जाहिरातींच्या क्लिपसाठी मी शॉटची वर्णनं लिहिते. ती वाचून कॅमेरामन आणि लाइट सांभाळणारा गॅफर सामान मांडतात.

वस्तू म्हणजे तपकिरी काचेची सीरमची बाटली, वर काळं मॅट झाकण, पुढे कागदी लेबल. मूळ ओळ तशीच पाळून पहिली फ्रेम लावली गेली. सूर्य बाटलीच्या थेट मागे, पाठीशी उघडं आकाश. मॉनिटरवर काचेच्या कडा काळ्या दिसत होत्या! क्लायंटकडच्या मॅडमना वाटलं, लाइट कमी पडतोय. लाइट कमी नव्हता. मागे सगळं उजळ असेल तर वळलेली काच कडेपाशी बाजूचा अंधार ओढून घेते, म्हणून कड काळी होते. मागे अंधार असेल तर तीच कड बाजूचा उजेड पकडते आणि चमकते. झाकणाची गोष्ट आणखी साधी : त्याच्या कडेवर सोनं होतंच, पण मागचं आकाशही तेवढंच सोनेरी, मग ती कड दिसणार कशी? शिवाय लेन्समध्ये थेट ऊन शिरल्यामुळे सगळ्या चित्रावर धुरकट पडदा आला होता आणि लेबल वाचता येत नव्हतं.

म्हणून मी रिम लाइटचं, म्हणजे मागून येऊन वस्तूची कड उजळवणाऱ्या लाइटचं, वर्णन कधीच लाइटपासून सुरू करत नाही. आधी कडेच्या मागे काय आहे ते लिहिते. 'सोनेरी', 'झळाळती', 'स्वप्नवत' असली विशेषणं कितीही घातली तरी गॅफरला स्टँड कुठे ठेवायचा ते कळत नाही. हे अनेक कॉपीरायटर्सना आजही पटत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिथेच बसून नवं वर्णन लिहिलं : 'घड्याळाच्या तबकडीच्या मध्यावर बाटली, कॅमेरा सहाच्या जागी, सूर्य अकराच्या जागी आणि फ्रेमबाहेर. बाटलीमागे झाडीची सावलीतली बाजू, लेबलपेक्षा दोन स्टॉप गडद. थेट ऊन अडवायला लेन्सवर कटर. डाव्या कडेवर उन्हाची बारीक, अखंड रेघ. उजव्या कडेवर तिच्याहून मंद रेघ, छोट्या आरशातून. लेबलवर थर्माकोलचा मऊ उजेड. व्हाइट बॅलन्स 5600वर पक्का, ऑटो नाही.'

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. ऑटोवर सोडलं तर कॅमेरा उन्हातला पिवळेपणा ही चूक समजून पुसत बसतो. आरशाचंही तसंच. गॅफर म्हणाला, "मॅडम, एलईडी लावतो, पटकन होईल." मी म्हटलं, "दादा, ऊन दर थोड्या वेळानं तांबूस होत जाणार. दिवा आहे तसाच राहील, मग दोन कडा दोन वेळांच्या वाटतील." आरसा त्याच सूर्याचं ऊन परत पाठवतो, त्यामुळे रंग आपोआप जुळतो. त्यावर ट्रेसिंग पेपर लावला की रेघ जरा रुंद होते. सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो, त्यामुळे चकचकीत गोल काचेवर त्याची रेघ केसाएवढीच उमटते.

राहिली 'आतून उजळलेली' बाटली. मागे गडद झाडी आली म्हणजे द्रवही गडद होणार. त्यासाठी ट्रेसिंग पेपरचा तुकडा बाटलीच्या आकाराचा, पण चहूबाजूंनी किंचित लहान कापून मागच्या अंगाला चिकटवला. मागून आलेलं ऊन त्यावर पडतं, कागद उजळतो आणि द्रव मधासारखा पेटतो. कागद कडेपर्यंत गेला तर मात्र रिम मेली, म्हणून वर्णनात 'कडेपासून आत' हे शब्द हवेतच.

सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो. क्लोज-अपमध्ये तेवढ्यानंही डावी रेघ जागा बदलते. म्हणून लेबलचे टेक आधी आणि उजळत्या द्रवाचे नंतर, हा क्रमही वर्णनातच लिहिला होता.

शॉट उत्तम आला. तरी एडिटरचा एक प्रश्न मनातून जात नाही : "यात संध्याकाळ कुठे आहे? हे तर बंद स्टुडिओतही झालं असतं." गडद झाडीनं कडा दिल्या, पण वेळ खाऊन टाकली. दुसऱ्या सेटअपमध्ये मी वरच्या उजव्या कोपऱ्यात ऊन लागलेली काही पानं आउट ऑफ फोकस राहू दिली होती. क्लायंटनं तो घेतला. कॅमेरामनला अजूनही पानं नसलेलाच स्वच्छ वाटतो, आणि कडेपुरतं बोलायचं तर त्याचं बरोबर आहे : पानांपाशी झाकणाची उजवी रेघ फिकी पडते. दोन्ही फ्रेम शेजारी ठेवून मी पाहत असते. कड आणि वेळ दोन्ही पूर्ण मिळतील इतकी ती पानं कुठे, किती गडद ठेवायची, ते वाक्य मला अजून लिहिता आलेलं नाही.