तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे आधी भरू की दारात देऊ?

"ताई, ऑनलाइन मागवताना पैसे आधीच भरून टाकायचे की घरी आल्यावर द्यायचे? काही गडबड झाली तर पैसे कशात लवकर परत मिळतात? आणि ते प्रीपेडचं डिस्काउंट खरं असतं का हो?"

हे मला सोसायटीतल्या काकूंपासून ते भाचीच्या मैत्रिणीपर्यंत सगळ्या विचारतात, कारण मी तीन वर्षं एका छोट्या ऑनलाइन कपडेवाल्याकडे डिस्पॅच आणि रिटर्न बघत होते, त्यामुळे पार्सल पॅक करण्यापासून ते "मॅडम माझे पैसे कधी येणार" ऐकण्यापर्यंत सगळं करून झालंय.

माझं एवढंच म्हणणं आहे की आधी दाराचा उंबरठा डोळ्यासमोर आणा. गडबड पार्सल दारात यायच्या आधी होण्याची भीती आहे की आल्यानंतर? म्हणजे विक्रेता अनोळखी आहे, माल पाठवेलच याची खात्री नाही, तर सीओडी, कारण काही आलंच नाही तर तुमचा रुपयाही जात नाही. पण विक्रेता ओळखीचा आहे, माल नक्की येणार, फक्त साइज बसेल का, रंग फोटोसारखा असेल का ही शंका आहे, तर आधी पैसे भरलेले बरे. कारण सीओडी तुमचं रक्षण उंबरठ्यापर्यंतच करते, पार्सल घेऊन नोटा दिल्या की तिचं काम संपलं, आणि त्यानंतर पैसे परत मागायचे म्हटलं की खरी कटकट सुरू होते.

गेल्या दिवाळीचं आमच्याच घरचं सांगते. आईचा मिक्सर मी यूपीआयने आधी पैसे भरून घेतला, 3,299 ला, प्रीपेडचे 100 रुपये कमी होऊन. त्याच आठवड्यात माझा एक ड्रेस सीओडीने मागवला, 1,499 चा, वर 49 रुपये सीओडी चार्ज. दोन्ही परत करावे लागले, मिक्सरचं एक भांडं तडकलेलं निघालं आणि ड्रेस खांद्यात बसेना. मिक्सर 6 तारखेला उचलून नेला, 9 ला ॲपमध्ये "रिफंड केला" असं दिसलं, आणि 11 तारीख उजाडली तरी आई म्हणते खात्यात काही नाही. मग मी ॲपच्या रिफंड डिटेलमधून यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, काढला, यूपीआयचा तो 12 आकडी असतो, आणि खातं तपासलं तर तिथे खरंच नव्हता. थोडं डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की पैसे भरताना आईच्या फोनमध्ये पेन्शनचं खातं नाही तर दुसऱ्याच बँकेतलं जुनं खातं निवडलेलं होतं! त्यात बघितलं तर पैसे 10 तारखेलाच येऊन पडलेले. प्रीपेडचा रिफंड ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परत येतो, तुम्हाला कोणाला काही सांगावं लागत नाही, फक्त कुठून भरले होते ते आठवायला हवं.

ड्रेसचं ऐका आता. कॅशला परतीची वाटच नसते, ती नवीन करावी लागते, मोठ्या ॲपवर तिथेच खातं नाहीतर यूपीआय आयडी भरायला मिळतं किंवा वॉलेटमध्ये घ्या म्हणतात, पण हा विक्रेता छोटा होता, त्याने व्हॉट्सॲपवर खाते क्रमांक आणि आयएफएससी मागितला. ड्रेस 7 ला गेला, त्यांच्याकडे 13 ला पोचला, आणि मग शांतता. चार दिवसांनी फोन केला तर कळलं की माझा आयएफएससी त्यांच्याकडे चालतच नाहीये, अकाउंटवाल्याने तो बाजूला ठेवून दिला होता आणि मला सांगायची तसदी कोणी घेतली नाही. चूक माझीच, आयएफएससी 11 अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं नेहमी शून्य असतं, मी तिथे इंग्रजी ओ टाकला होता. मीच हे तीन वर्षं लोकांना समजावत होते, असो. पैसे 24 ला आले, आणि आले ते 1,499, वरचे 49 गेले ते गेलेच. हे तरी बरं, खाते क्रमांकातच आकडा चुकला असता तर पैसे दुसऱ्याच कोणाच्या खात्यात जायची भीती होती.

म्हणजे एकीकडे उचलल्यापासून 4 दिवस आणि दुसरीकडे 17. प्रत्येक वेळी एवढा फरक पडतो असं नाही, पण कल असाच असतो. साधारण हिशोब सांगायचा तर विक्रेत्याने रिफंड सोडल्यावर यूपीआयला दोन ते पाच कामाचे दिवस धरा, कार्डाला आठवडाभर, आणि वॉलेटमध्ये घेतलात तर बहुतेक वेळा लगेच, फक्त ते पैसे मग त्याच दुकानात खर्च करावे लागतात. "सोडल्यावर" हा शब्द महत्त्वाचा, कारण काही जण पार्सल उचललं की लगेच रिफंड सोडतात आणि काही जण माल गोदामात पोचून तपासून झाल्यावर, आणि उशीर बँकेत कमी, इथेच जास्त होतो. म्हणून भांडायच्या आधी यूटीआर मागायचा, नंबर दिला तर बँकेत चौकशी करायची, देत नसतील तर समजायचं की अजून सोडलाच नाहीये.

एक वेगळी गोष्ट लोक यातच मिसळतात, पैसे कटले पण ऑर्डरच पडली नाही. हा रिटर्नचा रिफंड नव्हे, हा फसलेला व्यवहार, आणि यासाठी रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे, यूपीआयने दुकानदाराला किंवा ऑनलाइन कार्डाने पैसे भरताना असं झालं तर व्यवहारानंतर 5 दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, त्याहून उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. तेव्हा घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका, आधी ऑर्डरच्या यादीत बघा. ड्रेस परत केल्यावर मात्र हा 100 रुपयांवाला नियम लागू होत नाही, काही जण तो बँकेला ऐकवतात आणि मग खट्टू होतात.

आता सेफ्टीचं. लोकांना वाटतं कार्ड नंबर टाकला की चोरी होणार, म्हणून सीओडी सेफ. पण ऑक्टोबर 2022 पासून दुकानांना तुमचा कार्ड नंबर स्वतःकडे साठवून ठेवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे एक बदली नंबर असतो, आणि वर ओटीपी लागतोच. मी जे फसलेले बघितले ते बहुतेक रिफंडच्या वेळी फसले, आणि त्यात सीओडीवाले जास्त, कारण त्यांना खात्याची माहिती कोणाला तरी द्यावीच लागते, मग ते गुगलवर कस्टमर केअर नंबर शोधतात, तो निघतो खोटा, समोरचा गोड आवाजात म्हणतो रिफंड पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्याकडून गेले. असं झालंच तर त्याच मिनिटाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, उद्या बघू म्हणायचं नाही.

दुसरी फसवणूक थेट दारात येते. आमच्याकडे बाबांनी माझ्या नावाचं पार्सल म्हणून 799 रुपये देऊन घेतलं, मी काही मागवलंच नव्हतं, आत दहा-वीस रुपयांचा किचनचा कसलासा क्लिप. नाव, पत्ता, मोबाईल सगळं बरोबर होतं. आणि तुम्ही खरोखर मागवलं असेल तरी सीओडीत बहुतेक वेळा पैसे आधी आणि बॉक्स नंतर उघडायचा असतो, त्यामुळे आत विटेचा तुकडा निघाला तर कॅश दिल्याचा काय उपयोग? ओपन बॉक्स डिलिव्हरी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे तो माणूस समोर उघडून दाखवतो, तुम्ही बघायचं आणि मगच ओटीपी सांगायचा, आधी सांगितलात तर कागदोपत्री तुम्ही माल घेतलेला असतो.

पण आतली एक गोष्ट सांगते. तुम्ही दिलेली कॅश विक्रेत्याला लगेच मिळत नाही, ती कुरिअरकडे जमा होते आणि काही दिवसांनी, आमच्याकडे साधारण आठवड्याने, विक्रेत्याला जायची. म्हणून खोटा माल निघाला तर इन्स्टाच्या पेजवर मेसेज करत बसू नका, ते ब्लॉकच करणार. पार्सलवरचं लेबल फेकू नका, त्यावर एडब्ल्यूबी, म्हणजे पार्सलचा ट्रॅकिंग नंबर असतो, तो घेऊन त्याच दिवशी कुरिअर कंपनीकडे फ्रॉडची लेखी तक्रार टाका आणि विक्रेत्याचे पैसे थांबवा म्हणा. थांबवतीलच असं नाही, पण उशीर केलात तर तीही शक्यता जाते. सोबत 1915, ग्राहक हेल्पलाइन.

डिस्काउंट खरं असतं, आणि त्याचं कारण प्रेम नाही. सीओडीचं पार्सल दारातून परत गेलं की विक्रेत्याला जायचं भाडं, यायचं भाडं, दोन्ही खिशातून, आम्ही त्याला आरटीओ, म्हणजे रिटर्न टू ओरिजिन म्हणायचो आणि महिन्याच्या शेवटी मालक तो कागद बघून चहाही घ्यायचे नाहीत. तुम्हाला 50-75 सोडणं त्यांना त्यापेक्षा स्वस्त पडतं. 1,499 च्या ड्रेसवर प्रीपेडला 5 टक्के म्हणजे 75 कमी आणि सीओडीला 49 जास्त, एकूण फरक 124 चा. पण ओळख नसलेल्या पेजवर 124 वाचवायला 1,424 आधी देऊन बसायचं का, ते बघा. आणि "तीन घ्या, 20 टक्के सूट" मधला एक कपडा परत केलात तर रिफंड छापील किमतीचा नाही, सूट वजा करून येतो, कधी कधी उरलेल्या दोघांवरची सूटही काढून घेतात, तेव्हा भरायच्या आधी ऑफरच्या अटी वाचा.

मी स्वतः मोठ्या ॲपवर यूपीआयने आधी भरते, महागडी वस्तू असेल तर क्रेडिट कार्डने, कारण मालच आला नाही आणि विक्रेता दाद देईना तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे बँकेकरवी पैसे परत मागता येतात. नवीन पेजवर पहिली ऑर्डर छोटी आणि सीओडीच, आणि 99 रुपये ॲडव्हान्स टाका म्हणाले की ते गेले असं धरूनच टाकते.

बाबा मात्र त्या 799 नंतर फारच सावध झालेत. गेल्या आठवड्यात माझं पार्सल आलं, पूर्ण प्रीपेड, दारात एक रुपयाही द्यायचा नव्हता, तरी "आमच्याकडे कोणी काही मागवलेलं नाही" म्हणून त्यांनी त्या पोराला परत लावून दिलं. आता ॲपमध्ये "विक्रेत्याकडे परत जात आहे" दिसतंय, आणि मी यूटीआरची वाट बघतेय.