तीन पुरेत, पण कोणते?

"ताई, कंपनीच्या पोस्टमध्ये इमोजी किती टाकायचे? टाकले तर थिल्लर दिसतं, नाही टाकले तर कोरडं."

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. छोट्या पोस्टला माझा हात तीनवर थांबतो. पण आकड्याआधी मी एकेक इमोजी काढून बघते. तो नसल्याने वाचणाऱ्याला काही शोधायला वेळ लागत असेल, तरच तो परत जातो.

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीची भरतीची पोस्ट माझ्याकडे आली होती. सुरुवात अशी: "🚀🚀 सुवर्णसंधी! 🎉🔥 आमच्या परिवारात सामील व्हा!" खाली पाच अटी, प्रत्येकीआधी 👉, आणि शेवटी 🙏🙏🙏.

फीडमध्ये लिंक्डइनवर पोस्टच्या पहिल्या काही ओळीच दिसतात, बाकीचं क्लिक केल्यावर. इथे त्या जागेत रॉकेट होतं, पण काम कोणतं आणि कुठे, हेच नव्हतं. मी पहिली ओळ केली: "अकाउंट्स असिस्टंट पाहिजे, वागळे इस्टेट, ठाणे. टॅली आणि जीएसटी रिटर्न येणं गरजेचं." इमोजी शून्य.

मग ती पाच बोटं. दृष्टिहीन माणूस फोन ऐकून वापरतो, आणि स्क्रीन रीडर इमोजीचंही नाव उच्चारतो. 👉 चं इंग्रजी नाव 'बॅकहँड इंडेक्स पॉइंटिंग राइट'. प्रत्येक अटीआधी एकदा, असं पाच वेळा! अँड्रॉइडवर टॉकबॅक चालू करून स्वतःची एखादी पोस्ट ऐकाच, हात आपोआप आखडतो. मी अटी साध्या, एकाखाली एक ओळींत लिहिल्या.

पत्ता, वेळ आणि बायोडेटा पाठवायचा ईमेल या तीन ओळींना मात्र इमोजी ठेवले, तेही ओळीच्या सुरुवातीला. लोकलमध्ये उभ्याने स्क्रोल करणारा माणूस नेमकं हेच शोधत असतो. शब्द मात्र गाळायचा नाही: "📍 पत्ता:" असं पूर्ण लिहायचं. वेळेची गंमत झाली. ऑफिस साडेनऊचं आणि मालकांनी निवडलेलं घड्याळ 🕙, म्हणजे बरोब्बर दहाचं. डोळ्यांना ते कळत नाही, पण स्क्रीन रीडर 'टेन ओ'क्लॉक' म्हणणार आणि लगेच पुढे 'सकाळी ९.३०' वाचणार. म्हणून ⏰ घेतलं, ते ठरावीक वेळेचं नाव सांगत नाही. ईमेलला ✉️.

🙏 ला माझी हरकत नाही, आपल्याकडे तो शोभतो. पण एकच, आणि आभाराच्या पोस्टवर. पगार लांबल्याची सूचना, दिलगिरी, निधनाची बातमी यांत मी काहीच टाकत नाही.

मालकांना 🎉 फारच आवडलेला होता. तो मी त्यांना निवड झालेल्या उमेदवाराच्या स्वागताच्या पोस्टसाठी राखून ठेवायला सांगितला, वाक्य संपल्यावर, एकदाच.